गिरकी थांबते तिथे

नाचणाऱ्या बाईचं चित्र एआयकडून काढून घ्यायचं म्हटलं की बहुतेकांच्या बोटांतून तेच चार शब्द उतरतात: डायनॅमिक, फास्ट स्पिन, फ्लोइंग साडी, ड्रमॅटिक लायटिंग. मग चित्र येतं. दोन हातांच्या जागी तीन-चार धूसर हात, पदर कुठे संपतो नि धूर कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही, आणि चेहरा मात्र क्रीमच्या जाहिरातीतल्यासारखा नितळ. माणूस वैतागतो, त्याच ओळीच्या शेवटी 'नो ब्लर' जोडतो, आणि पुढचं चित्र आधीच्यापेक्षा धुरकट निघतं.

मी मुखपृष्ठं करतो. एका दिवाळी अंकाच्या लोककला विशेषांकासाठी लावणीचं चित्र हवं होतं. संपादकांची अट अशी की कुठल्याही एका कलावंताचा चेहरा नको, कारण अंक कुणा एकीवर नाही. छायाचित्र वापरायचं तर चेहरा येणारच. म्हणून हा खटाटोप. माझी पहिली ओळ, म्हणजे प्रॉम्प्ट, साधारण अशीच होती:

```
dynamic lavani dancer, fast spinning, flowing sari,
energetic motion, dramatic stage lighting, 8k
```

या ओळीत काय बिघडलंय हे समजायला चित्र काढणारं एआय मॉडेल कसं शिकलं ते थोडं लक्षात घ्यावं लागतं. त्याने नाच कधी पाहिलेला नाही. त्याने पाहिली ती स्थिरचित्रं आणि त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेल्या ओळी. आता 'मोशन', 'एनर्जी', 'फास्ट' हे शब्द लोक कुठल्या फोटोखाली लिहितात? ज्यात शटर मुद्दाम हळू ठेवलंय, हातपाय फराटे होऊन गेलेत, अशाच फोटोखाली. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलेला, पायाच्या नखापर्यंत स्वच्छ आलेला नर्तकीचा फोटो असेल तर खाली फक्त तिचं नाव नि कार्यक्रमाचं ठिकाण लिहिलेलं असतं. त्यामुळे आपण 'गती' मागतो आणि मॉडेल इमानाने फराटे देतं. 'नो ब्लर'चंही तसंच. साध्या वर्णनातला नकार या मॉडेलांना नीट पेलत नाही. 'नो' बाजूला पडतो आणि 'ब्लर' हा शब्द मात्र चित्रात उतरतो.

'8के' या शब्दाबद्दल काही बोलत नाही. तो लोक सवयीने लिहितात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गतीची सगळी नावं काढून टाकायची. मग चित्रात गती आणायची कुठून? इथे नृत्याचे फोटो काढणाऱ्यांची एक जुनी समज कामाला येते. रंगमंचावरचा उजेड कमी असतो. फ्लॅश मारायची सोय नसते, आणि मारला तर प्रेक्षक नि कलावंत दोघंही मागे वळून पाहतात. पूर्वीच्या फिल्मवर तर शटर फार वेगात चालवणं परवडायचंच नाही. म्हणून हे लोक हालचालीतला असा क्षण शोधत बसायचे जिथे शरीर जवळजवळ थांबलेलं असतं. उडीत तो सर्वांत वरच्या टोकाला येतो, वर जाणं संपलेलं आणि खाली येणं अजून सुरू व्हायचंय. गिरकीत तो शेवटी येतो, पाय जमिनीवर रोवला जातो तेव्हा. त्या क्षणी शरीराचा वेग शून्याच्या जवळ असतो, पण कपड्याचा नसतो. कापडाला थांबायचा निरोप उशिरा पोचतो. अंग उभं राहिलं तरी पदर पुढे जातच असतो.

लावणीत हा क्षण शोधावा लागत नाही, तो ढोलकीच देते. तोडा वाजतो, बाई गिरकी घेते, आणि समेवर पाय आपटून, कमरेला झटका देऊन, मान वळवून उभी राहते. शिट्टी पडते ती तिथे. गिरकी चालू असताना कुणी शिट्टी मारत नाही. मला वाटतं, प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला या एका गोष्टीचा जितका उपयोग होतो तितका शंभर विशेषणांचा होत नाही: फिरणारी बाई मागायची नाही, नुकतीच थांबलेली बाई मागायची. मॉडेलच्या पोटात स्वच्छ नृत्यछायाचित्रं आहेत, ती मुख्यतः अशाच क्षणांची आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवलं की ती सापडतात.

बार्बरा मॉर्गन या अमेरिकी छायाचित्रकार बाईने 1940 मध्ये मार्था ग्रॅहमचं एक प्रसिद्ध छायाचित्र काढलं. कमरेतून वाकलेली नर्तकी, आणि मागे उसळलेल्या पायाबरोबर वर गेलेला लांब झगा, त्याची एक मोठी कमान. चालू प्रयोगात नव्हे, मुद्दाम स्टुडिओत, तीच हालचाल पुन्हा करवून घेऊन काढलेलं. त्यात फराटा नाही. गती सगळी झग्याच्या आकारात आहे. पुढची कित्येक दशकं नाचाचे फोटो काढणारे त्या कमानीच्या मागे लागले.

म्हणजे गती लिहायची ती कापडाच्या आकारातून. इथे दुसरी भानगड सुरू होते, कारण प्रत्येक नाचाचं कापड वेगळं वागतं.

कथकचं सोपं आहे. चक्कर सुरू झाली की अंगरख्याचा घेर कमरेपासून उचलला जातो आणि थाळीसारखा पसरतो. घेर किती उचलला गेलाय त्यावर वेग दिसतो: गुडघ्याच्या वर गेला तर चक्कर जोरात, नडगीपाशीच लहरतोय तर नुकती सुरू झालेली किंवा संपत आलेली. घेराच्या कडेला लाटा असतात. प्रॉम्प्टमध्ये तेवढं सांगितलं तरी मॉडेल बरं चित्र देतं, कारण गोल फिरणाऱ्या घेरदार झग्यांचे फोटो जगभर आहेत. सूफी दरवेशांचे, स्पॅनिश फ्लामेंकोचे, आपल्या कथकचे. फक्त खालचा चुडीदार सांगायला विसरलात तर उघडे पाय येतात.

नऊवारीचं तसं नाही. नऊवारीला घेरच नाही. कापड दोन पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचलेला, मांड्यांवर घट्ट, पोटरी मोकळी. नाचायला सोयीची व्हावी म्हणूनच ती अशी नेसतात. गिरकीत अंगावरची साडी जवळजवळ हलत नाही. हलतं ते फक्त सुटं राहिलेलं: पदराचं टोक, अंबाड्यातून लोंबणारे गजऱ्याचे सर, कानातले झुमके, आणि ओच्याच्या निऱ्यांची थोडी किनार. पण मॉडेलला 'फ्लोइंग साडी' सांगितलंत की ते शिफॉनचा चार-पाच मीटरचा ओढणीवजा पट्टा काढून हवेत सोडतं, आणि खाली घागरा देतं. साडी म्हणजे घागरा अशी त्याची समजूत कुठून झाली कोण जाणे, पण ती फार घट्ट आहे.

त्या टप्प्यावरची चित्रं मी ओळखीच्या एका मावशींना दाखवली. संगीतबारीत त्यांचं आयुष्य गेलेलं, आता मुली शिकवतात. मला वाटलं होतं, त्या दागिन्यांवर बोट ठेवतील, नथ चुकलीय म्हणतील. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "दादा, ही नाचत न्हाई. ही हुभी हाय आन् समोरून कुनीतरी फ्यान लावलाय."

मी विचारलं, कशावरून?

"जड कुठाय ती? पाय बघ की. दोनी पाय सारखेच. नाचणारीचा एक पाय कामात असतो आन् दुसरा मोकळा. आन् पैठणीचा पदर असा उडंल व्हय? जरीचा काठ हाय त्याला. त्यो फेकावा लागतो, उडत न्हाई."

मला हवे होते ते दोन्ही शब्द त्यांनी दिले: वजन आणि फेक. पदराचं वागणं त्याच्या काठावर ठरतं. हलक्या कापडाला वारा उचलतो, ते लांब जातं, टोकाशी चुरगळतं. जरीचा काठ असलेलं जड रेशीम झटक्यासरशी जातं, काठ पुढे आणि मधलं अंग मागे, कमान आखूड, आणि लगेच खाली येतं. घड्या कमी पण ठळक. ही सगळी माहिती 'फ्लोइंग' या शब्दात नाही, 'हेवी सिल्क' आणि 'शॉर्ट आर्क' यांत आहे. आणि वजन म्हणजे कुठल्या पायावर भार, कुठला गुडघा वाकलेला, कुठली टाच उचललेली. हे सांगितलं नाही तर मॉडेल दोन्ही पायांवर सारखी उभी असलेली, फॅशनच्या रांगेतली बाई देतं.

दिशाही ठरवावी लागते. हे मी कागदावर एक वर्तुळ काढून ठरवलं, आणि तुम्हालाही तसंच सुचवेन. बाई आपल्याकडे तोंड करून थांबली आहे. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे गिरकी घेत आली असेल, तर तिचा आपल्याजवळचा भाग आपल्या डावीकडे सरकत होता आणि पाठीकडचा भाग आपल्या उजवीकडे. पाठीवर जे जे लोंबतंय, म्हणजे डाव्या खांद्यावरून मागे गेलेला पदर आणि अंबाड्यातला गजरा, ते ती थांबल्यावरही आपल्या उजवीकडेच जाणार. डावा खांदा तसाही आपल्याला उजवीकडे दिसतो, त्यामुळे पदर अंगावरून न जाता मोकळ्या जागेत जातो. चित्राला हे फार सोयीचं. मॉडेलला ही यांत्रिकी कळत नाही. त्याला फक्त 'चौकटीच्या उजवीकडे' एवढंच सांगायचं, पण पदराला आणि गजऱ्याला दोघांना सांगायचं. नाहीतर पदर एकीकडे नि गजरा दुसरीकडे जातो, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

'नऊवारी' हा शब्द काही मॉडेलांना अर्धवट ठाऊक असतो. त्यावर न विसंबता नेसण्याची रीतच सांगावी. एवढं सगळं जमवून झाल्यावर माझी ओळ अशी झाली:

```
Full-length stage photograph, a Maharashtrian lavani dancer
at the instant she stops after a turn. Weight on her bent
right leg, left heel lifted, hip pushed out, face to camera.
Dark green heavy silk nine-yard sari, cloth drawn between the
legs and tucked at the back like trousers, calves visible,
tight on the body. One loose end from her left shoulder,
swinging to frame right in a short arc, gold border leading,
folds crisp. Jasmine strings at her bun swing to frame right.
Rows of brass bells on both ankles.
```

यात 'मोशन' नाही, 'डायनॅमिक' नाही, वेगाचं एकही नाव नाही. 'वन लूज एंड' मधला 'वन' मात्र काढू नका, कारण मॉडेलला पदर आवडला की ते दोन देतं. चाळांसाठी 'अँकलेट' लिहिलं तर नाजूक पैंजण येतात. घुंगरांच्या ओळी असं सांगितलं तर पायाला वजन येतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या जुन्या आवृत्त्यांमधला मजकूर वाचणारा भाग एका वेळी 77 टोकनच वाचतो. टोकन म्हणजे साधारण एक शब्द किंवा शब्दाचा तुकडा. लांबलचक ओळ लिहिली तर शेपूट कापली जाते किंवा तुकड्यांत विभागली जाऊन पातळ होते. नवी मॉडेलं बरंच लांब वर्णन पचवतात, तरी आधी सांगितलेल्या गोष्टीला जास्त मान मिळतो हा माझा अनुभव आहे. म्हणून क्षण आणि वजन आधी, मग कापड, आणि दागिने सर्वांत शेवटी. आपल्याकडे लोक नेमकं उलटं लिहितात. नथ, ठुशी, बाजूबंद, कंबरपट्टा यांची यादी आधी येते, आणि बाई बिचारी त्या यादीखाली स्तब्ध उभी राहते.

आता उजेड. 'ड्रमॅटिक स्टेज लायटिंग' म्हटलं की जांभळा-निळा उजेड, वरून उतरणारे दहा-बारा झोत आणि ढीगभर धूर हे ठरलेलं. तो रॉक कॉन्सर्टचा उजेड आहे. त्यात झोतच इतके ठळक होतात की बाई त्यांच्या जाळीत सापडते. आणि धूर हा ब्लरचाच दुसरा अवतार आहे हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. चित्र स्वच्छ असूनही गढूळ दिसतं, कारण कडांवर धूर बसलेला असतो. झोत दिसायला हवेत थोडं धुकं लागतंच, पण 'थिन हेझ' एवढं पुरे.

प्रकाशयोजना करणारा एक मित्र आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे: नाटकाला समोरून उजेड, नाचाला बाजूने. समोरून पडलेला उजेड चेहरा दाखवतो पण अंग सपाट करतो, घड्या पुसून टाकतो. बाजूने आलेला उजेड प्रत्येक निरीची एक बाजू उजळतो आणि दुसरी अंधारात ठेवतो, म्हणून कापडाला उठाव येतो. नृत्याच्या प्रयोगांत विंगेमध्ये उभ्या दांडीवर नडगीपासून डोक्यापर्यंत वेगवेगळ्या उंचीवर दिवे लावतात ते याचसाठी. खालच्या दिव्याला तर इंग्रजीत नडगीफोड्या अर्थाचं नाव आहे, कारण अंधारात विंगेत पळताना तो हमखास नडगीला लागतो. त्या दिव्याचा उजेड जमिनीवर फारसा सांडत नाही, त्यामुळे पाय नि घुंगरू जमिनीपासून सुटे दिसतात. लावणीच्या चित्रात ते हवंच.

दुसरा दिवा मागून, उंचावरून. त्याचं काम एकच: काळ्या पडद्यापासून काळा अंबाडा वेगळा करणं. हा नसेल तर केस पार्श्वभूमीत बुडतात आणि मॉडेलला कडा सापडत नाही. कडा सापडली नाही की ते तिथे काहीतरी धुरकट सारवून ठेवतं. माझ्या कितीतरी चित्रांतली घाण गतीमुळे आलेली नव्हतीच, ती अंधारात हरवलेल्या कडांमुळे होती. मागून दिवा दिला आणि ती गेली.

रंगाचं एक पथ्य आहे. हिरव्या साडीवर लाल उजेड टाकला तर साडी काळपट दिसते, कारण हिरवं कापड लाल उजेड परत फेकतच नाही. मॉडेलने असे फोटो भरपूर पाहिले आहेत, त्यामुळे तेही इमानाने साडी काळवंडून देतं. म्हणून अंगावर येणारा उजेड पिवळसर पांढरा ठेवायचा, जुन्या हॅलोजनचा असतो तसा, आणि रंगाची हौस मागच्या पडद्यावर भागवायची. उजेडाची ओळ मी वेगळी लिहितो:

```
Warm white side light from frame left, low to head height.
One cool backlight from high behind, thin rim on hair and
shoulders. Plain deep red backdrop, dim. Thin haze.
```

बाजूचा दिवा चौकटीच्या डावीकडून, आणि पदर उजवीकडे जातोय. हे मुद्दाम. दिवा नि पदर एकाच बाजूला असते तर पदराची सावली चेहऱ्यावर आली असती. खऱ्या रंगमंचावर प्रकाशयोजनाकार हे तालमीत पाहून ठरवतो. इथे ते आधी डोक्यात पाहावं लागतं.

राहिला तो नकाराचा भाग. काही प्रोग्रॅममध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, मिडजर्नीत `--no` असतं. तिथे लोक नुसतं 'ब्लर' लिहितात, आणि त्याने एक वेगळंच नुकसान होतं. भिंगामुळे मागचं दृश्य मऊ होणं हाही ब्लरच, आणि तो आपल्याला हवा असतो. तो सरसकट बंद केला की मागचे वादक, पडदा, पडद्याच्या चुण्या सगळे पुढच्या बाईइतकेच टोकदार होतात आणि चित्रातली खोली जाते. म्हणून नकार नेमका असावा:

```
--no ghosting, streaks, lehenga --ar 2:3 --style raw --s 50
```

`--ar` म्हणजे चौकटीचं प्रमाण. `--s` म्हणजे मिडजर्नीने स्वतःच्या मनाची सजावट किती करावी याचं माप. मूळ आकडा 100 असतो. मी तो कमी ठेवतो, कारण सजावट वाढली की पदर वाढतो. `--style raw` चं कामही त्याच जातीचं. फ्लक्ससारख्या काही मॉडेलांत मात्र नकाराची चौकट मुळातच चालत नाही. तिथे हवं ते ठामपणे सांगणं हाच एक मार्ग उरतो: घड्या स्वच्छ, बोटं सुटी, कडा टोकदार.

आणि शटरचा आकडा? 'वन बाय थाउजंड' लिहिलं तर उपयोग होतो का, असं मला विचारतात. थोडा होतो. पण कॅमेऱ्यात जसा आकडा फिरवला की परिणाम मोजून बदलतो तसा नाही. त्या आकड्याबरोबर येणारे फोटो खेळाचे, पक्ष्यांचे, पाण्याच्या थेंबांचे असतात, आणि क्वचित बाईभोवती पाण्याचे शिंतोडेही येतात. 'स्टेज फोटोग्राफ' आणि 'द इन्स्टंट शी स्टॉप्स' यांनी काम जास्त होतं.

आता, सगळं एकदम स्वच्छ आलं की एक नवी तक्रार उभी राहते: चित्र मेणाच्या पुतळ्याचं वाटतं. थोडासा फराटा हवासा वाटतो. छायाचित्रकार यासाठी एक युक्ती करतात. शटर बराच वेळ उघडं ठेवतात, त्यात हालचालीचा माग उमटतो, आणि शटर बंद होता होता शेवटी फ्लॅश मारतात, त्यात शेवटची अवस्था स्वच्छ गोठते. म्हणून माग मागे राहतो आणि माणूस पुढे स्पष्ट दिसतो. फ्लॅश सुरुवातीला मारला तर माग माणसाच्या पुढे पडतो आणि तो उलटा चालल्यासारखा दिसतो. मॉडेलला या युक्तीचं नाव सांगून पाहिलं. दहात एखादं बरं येतं, बाकीच्यांत चेहऱ्यावरही फराटा जातो. फक्त पदराच्या टोकाला ब्लर ठेव असं सांगितलेलं त्याला जागेवर ठेवता येत नाही.

तेव्हा मी चित्र पूर्ण स्वच्छ काढतो, आणि मग पदराचं शेवटचं टोक तेवढं खुणेने निवडून तेवढाच तुकडा पुन्हा काढायला लावतो. स्टेबल डिफ्यूजनमध्ये हे करताना बदलाची मात्रा 0.3 ते 0.4 च्या आसपास ठेवली तर काठ तोच राहतो आणि टोक मऊ होतं. 0.7 वर नेलं तर नवीनच कापड उगवतं. कधी कधी सरळ फोटोशॉपमध्ये कमानीच्या दिशेने थोडं पुसून घेतो. त्यात कमीपणा काही नाही, उलट वेळ वाचतो.

चित्र हातात आलं की मी ते कसं तपासतो ते सांगतो. आधी पदर धरतो, खांद्यावर कुठे सुरू होतो तिथून बोट फिरवत टोकापर्यंत जातो. मध्ये कुठे तो अंगात शिरून दुसरीकडून बाहेर पडला असेल तर चित्र बाद. मग काठ: काठ सलग आहे का, की मध्येच पोटातली बुट्टी काठाची झाली आहे. मग नाकाची सावली आणि पदराची सावली एकाच बाजूला पडतात का. नाक डावीकडून उजळलेलं आणि पदर उजवीकडून, असं फार वेळा होतं, आणि मग बाई दुसरीकडून कापून आणून चिकटवल्यासारखी वाटते. शेवटी पाय. ज्या पायावर भार सांगितला त्याचं पाऊल जमिनीवर सपाट आहे का, आणि त्याखाली सावली आहे का. पाऊल सपाट नसेल तर वरचं कितीही सुरेख असलं तरी बाई तरंगते.

दोष सापडला की एकच गोष्ट बदलून, तोच `--seed`, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, ठेवून पुन्हा काढतो. सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

सुधारलेलं चित्र मावशींकडे पुन्हा नेलं. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "आता थांबली. पन हात?" हात खरंच वाईट होते. एका हातात पदराची कड धरलेली हवी होती आणि दुसऱ्या हाताची मुद्रा. मुद्रेत बोटं एकमेकांआड जातात, आणि मॉडेल तिथे अजून गडबडतं: एक बोट जास्त, किंवा अंगठा उलट्या बाजूला. ओळ कितीही नीट लिहिली तरी हे लिहून सुटत नाही. मावशींनी खुर्चीतूनच हात करून दाखवला, मी त्याचा फोनवर फोटो घेतला, त्यांना विचारून, आणि तो आकार नमुन्यादाखल देऊन हाताचा तुकडा पुन्हा काढला. मुखपृष्ठावरच्या त्या बाईचा चेहरा कुणाचाच नाही, पण उजवा हात मावशींचा आहे.

ढोलकी मात्र शेवटपर्यंत जमली नाही. 'ढोलकी' म्हटलं तर गळ्यात अडकवलेला पंजाबी ढोल येतो, नाहीतर तबल्याची जोडी. 'मांडीवर आडवी ठेवलेली दोन तोंडांची लाकडी ढोलकी' असं सविस्तर सांगितलं तर वाद्य येतं, पण वादकाचे हात चामड्यात बुडालेले. तुणतुण्याचं तर विचारूच नका, त्याचं एकतारी झालं, सतार झाली, एकदा मासे पकडायचा गळ झाला. मी वादकांना मागच्या अंधारात बसवलं, भिंगाच्या मऊपणात, ओळखू येतील न येतील असे. संपादक म्हणाले, छान गूढ वाटतंय. मी मान डोलावली.

यावरून काहींनी लगेच विचारलं की मग आमच्या लावणी पार्टीच्या कार्यक्रमाचं पोस्टर पण असंच करून द्या. ते मी करत नाही. पोस्टरवरची बाई पाहून लोक तिकीट काढतात, आणि रंगमंचावर जी येणार आहे तिचाच फोटो तिथे हवा, भले तो हललेला असो. अशा कामाला मी फक्त मागचा पडदा नि उजेड एआयकडून काढून घेतो, आणि पुढे त्यांचाच तालमीतला फोटो लावतो. तो काढतानाही सूचना तीच देतो: गिरकी चालू असताना बटण दाबू नका, ढोलकी समेवर येईपर्यंत थांबा.